बांगडीएवढं चाक

माझ्या भाचीला एस.टी.चं चाक चांगलं माहीत होतं. ती साडेतीन वर्षांची असताना कऱ्हाडच्या स्टँडवर उभ्या असलेल्या एका गाडीशी माझी बहीण तिला घेऊन गेली. ड्रायव्हरकाकांना विचारलं, ते म्हणाले, "बघू द्या की." पोरीने चाकाला दोन्ही हात लावले. चाक जवळजवळ तिच्या उंचीचं होतं. तिने टायरच्या खाचांतला वाळलेला चिखल नखाने उकरला, मधले नट एकेक करून चाचपले, मग गाडीला हात लावत मागे गेली आणि तिथे एकाला एक चिकटून दोन चाकं आहेत हे तिचं तिनेच शोधून काढलं. पलीकडच्या बाजूलाही जायचा हट्ट धरला. शेवटी पुढची दोन आणि मागची चार, अशी सहा चाकं मोजून ती काळ्या हातांनी घरी आली.

पुढच्याच महिन्यात कुणीतरी तिला एक पुस्तक भेट दिलं. जाड कागद, त्यावर उठावाच्या रेघांनी काढलेली चित्रं आणि खाली ब्रेलमध्ये नाव. बहिणीने मोठ्या उत्साहाने बसचं पान उघडलं आणि तिचा हात त्यावर ठेवला. लांबट चौकोन, त्यात चार छोटे चौकोन, खाली दोन गोल. पोरीची बोटं रेघेवरून फिरली, थांबली, पुन्हा फिरली.

"काय आहे सांग बरं?"

"डबा."

"आणि हे खाली?"

"बांगडी. दोन बांगड्या."

"अगं, ही एस.टी. आहे. ही तिची चाकं."

पोरगी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "बाकीची चार कुठायत?"

त्या रात्री बहिणीचा मला फोन आला. "दादा, पुस्तक चुकीचं आहे की मी चुकीचं शिकवतेय?" मी वर्तमानपत्रात काम करतो, म्हणून मला सगळं ठाऊक असतं अशी तिची समजूत आहे. मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. पुढची दीड-दोन वर्षं तिच्या घरी जाऊन बसताना, तिच्या मुलीला शिकवणाऱ्या सरांशी बोलताना आणि या विषयात जगभर काम करणाऱ्यांचं वाचताना जे कळलं, ते इथे लिहितो आहे.

भाची एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यातल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात, त्याला रेटिनोपॅथी ऑफ प्रिमॅच्युरिटी म्हणतात. त्यासाठी जन्मानंतर पहिल्या महिनाभरातच डोळे तपासून घ्यावे लागतात. ते तिच्या बाबतीत वेळेवर झालं नाही, आम्हाला कुणी सांगितलंच नाही. तिला उजेड आणि अंधार एवढं कळतं. आता मुद्दा पुस्तकाचा.

बसचं ते चित्र डोळ्याने पाहिलं तर अगदी बरोबर होतं. पण डोळ्याने पाहिलेली बस म्हणजे रस्त्यापलीकडून, एका बाजूने, एका क्षणी दिसलेली बस. पलीकडची चाकं तिथून दिसत नाहीत म्हणून ती काढायची नाहीत, लांबून सगळं लहान दिसतं म्हणून चाक बांगडीएवढं काढायचं, हे सगळे डोळ्याने ठरवलेले संकेत आहेत. आपण ते इतक्या लहानपणी शिकतो की ते संकेत आहेत हेच विसरून जातो. जिने बस कधी लांबून पाहिली नाही, तिच्यासाठी बसला बाह्यरेषा नसतेच. तिच्यासाठी बस म्हणजे आधी उंच पायरी, मग हाताला गार लागणारी दांडी, मांडीला चिकटणारं रेक्झिन, पोटात घुमणारी घरघर आणि कंडक्टरने दोरी ओढल्यावर डोक्यावरून जाणारी टणटण. चित्राची रेघ वर उचलली म्हणून ते चित्र हाताचं होत नाही. ते डोळ्याचंच राहतं, फक्त उंच होतं.

ही चूक जुनी आहे आणि आधी ती अक्षरांच्या बाबतीत झाली होती. व्हॅलंतँ आयुई यांनी पॅरिसमध्ये १७८५ साली अंध मुलांसाठी शाळा काढली आणि पुस्तकंही केली. त्यांत छापील रोमन अक्षरंच मोठी करून कागदावर उठवली होती. अक्षराचं वळण बोटाने माग काढून ओळखायचं, मग पुढचं, मग त्यापुढचं. शब्द संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायला होई, आणि पुस्तकं प्रचंड जड. १८१९ मध्ये त्या शाळेत दहा वर्षांचा लुई ब्रेल आला. वडील खोगीर बनवणारे, त्यांच्या आरीनेच तिसऱ्या वर्षी त्याच्या डोळ्याला इजा झाली होती. शाळेत त्याला शार्ल बार्बिए यांची ठिपक्यांची लिपी भेटली. ठिपका बोटाला रेघेपेक्षा लवकर कळतो ही तिच्यातली मोठी गोष्ट होती. पण एका चिन्हात बारा ठिपक्यांची जागा, सहा-सहाच्या दोन उभ्या रांगा. ती उंची बोटाच्या पेरात मावेना, बोट वर-खाली करावं लागे. ब्रेलने ती निम्मी केली. तीन-तीनच्या दोन रांगा, सहा ठिपके, एका स्पर्शात पूर्ण अक्षर. १८२९ मध्ये त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

बहिणीला हा इतिहास माहीत नव्हता, पण बार्बिए यांची चूक तिने स्वतः करून पाहिली. ब्रेल शिकवायचंच तर सोपं करून शिकवू, म्हणून तिने पुठ्ठ्यावर मणी चिकटवून अक्षरं केली. एकेक अक्षर काडेपेटीएवढं. पोरगी मणी मोजायची, "एक, दोन, इथे तीन", पण अक्षर म्हणून तिला त्यातून काही मिळत नव्हतं. आठवड्यातून एकदा येणाऱ्या सरांना तिने ते पुठ्ठे कौतुकाने दाखवले.

हे सर स्वतः पूर्ण अंध आहेत. त्यांनी पुठ्ठा हातात घेतला, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, हे बोटात मावत नाही. हे वाचणं नाही, मोजणं झालं."

मग त्यांनी नीट समजावलं. ब्रेलचे दोन शेजारचे ठिपके साधारण अडीच मिलिमीटरवर असतात आणि ठिपका कागदाच्या वर जेमतेम अर्धा मिलिमीटर येतो. अख्खं अक्षर तर्जनीच्या पेराखाली येतं, म्हणून ते एका दमात कळतं. हे माप मोठ्यांसाठीही तेच आणि चार वर्षांच्या मुलासाठीही तेच. छापील पुस्तकात लहान मुलांसाठी अक्षर मोठं करतात, तसं इथे करता येत नाही. मोठा संच उपयोगी पडतो तो फक्त कुठला ठिपका कुठे हे शिकवण्यापुरता. त्यासाठी सरांनी अंड्यांच्या ट्रेचा सहा खळग्यांचा तुकडा कापायला सांगितला. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन आणि उजवीकडे चार, पाच, सहा. खळग्यांत लिंबं ठेवायची आणि काढायची. भाचीच्या थोरल्या भावालाही हा खेळ फार आवडला.

बहिणीला वाटत होतं की आपल्यालाही बोटाने वाचायला शिकावं लागेल, आणि चाळिशीला आलेल्या बोटांना ते कसं जमायचं. सरांनी तिची ती भीती पहिल्याच दिवशी घालवली. डोळस पालक ब्रेल डोळ्याने वाचतात. टेबलावरचा दिवा कागदाच्या एका कडेला, खाली ठेवायचा. तिरपा उजेड पडला की प्रत्येक ठिपक्याला सावली पडते आणि पांढऱ्यावर पांढरं असलेलं अक्षर दिसू लागतं. मराठीसाठी वापरतात ते भारती ब्रेल. १९५१ मध्ये ते देशातल्या भाषांसाठी मिळून स्वीकारलं गेलं. त्यात क म्हणजे ठिपके १ आणि ३, मग ते मराठीतलं असो की तमिळमधलं. रोज तीन अक्षरं या हिशेबाने बहिणीची मुळाक्षरं तीन आठवड्यांत झाली.

मला स्वतःला त्यातली एक गोष्ट फार सुंदर वाटली. भारती ब्रेलमध्ये काना, वेलांटी, उकार असं वेगळं काही नाही. स्वराचंच चिन्ह व्यंजनानंतर लिहायचं. 'कि' म्हणजे क, मग इ. छापील मराठीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतरची असूनही अक्षराच्या आधी उभी राहते. ब्रेलमध्ये ती आपल्या जागी, कानाला येते तशी येते. पण त्यामुळेच एक अडचणही होते. 'मऊ' लिहायचं म्हणून म आणि ऊ लिहिलं तर वाचणारा 'मू' वाचेल. म्हणून मधे एक अ घालावा लागतो: म, अ, ऊ. जोडाक्षराचंही तसंच. पाय मोडल्याची खूण, म्हणजे एकटा चौथा ठिपका, अक्षराच्या आधी येतो. 'रस्ता' म्हणजे र, मग तो ठिपका, मग स, त, आ. पुढचं अक्षर अर्धं आहे हे बोटाला आधीच कळायला हवं, कारण बोटाला पुढचं दिसत नसतं.

आता पुस्तक. सरांनी सांगितलं की आधी पुस्तक करूच नका, पिशवी करा. ज्या गोष्टीचं पुस्तक करायचं, त्या गोष्टीतल्या खऱ्या वस्तू एका कापडी पिशवीत जमवा. गोष्ट तिच्या आयुष्यात घडलेली हवी. भाचीच्या आयुष्यात सगळ्यात मोठी घडणारी गोष्ट म्हणजे कऱ्हाडहून पाटणला आजीकडे जाणं, म्हणजे आमच्या घरी. त्या दिवसांत त्या दोघी जेव्हा जेव्हा आल्या, तेव्हा परतताना पिशवीत एकेक गोष्ट वाढत गेली. तिकीट. सीट कव्हर शिवणाऱ्याकडून मागून आणलेला रेक्झिनचा तुकडा. मोडक्या छत्रीची दांडी. माझ्या आईच्या जुन्या लुगड्याचा काठ. रात्री झोपताना बहीण गोष्ट सांगे आणि ज्या वस्तूची पाळी येई ती पोरगी पिशवीतून हुडकून काढे.

हे तीन-चार महिने चाललं आणि मग त्याच वस्तू पानांवर गेल्या. पुस्तकाचं नाव 'आमची बस'. पहिल्या पानावर काय असावं यावर बहिणीचं आणि माझं बरंच झालं. मी म्हणत होतो, निदान मुखपृष्ठावर तरी बसचा आकार असू दे. ती म्हणाली, "दादा, तो तुला बघायचाय. तिला नाही." ती बरोबर होती. पहिलं पान आहे पायऱ्यांचं. जाड पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक चिकटवून तीन पायऱ्या, पहिली सगळ्यात उंच, कारण एस.टी.ची पहिली पायरी तशीच असते. पोरगी तर्जनी आणि मधलं बोट हे दोन पाय करते आणि चढते. चढताना "हुश्श" म्हणते, आजी म्हणते तसं.

बोटांनी चालायची ही युक्ती आमची नाही. फ्रान्समध्ये दिजोंजवळ 'ले दुआ की रेव्ह' नावाची एक प्रकाशनसंस्था आहे, नावाचा अर्थ 'स्वप्न पाहणारी बोटं'. अंध मुलांना शिकवणाऱ्या फिलिप क्लोदे यांनी ती नव्वदच्या दशकात सुरू केली. स्पर्शाने वाचायची चित्रपुस्तकं हेच तिचं काम, आणि पुस्तकातला बराचसा भाग हाताने कापून, शिवून, चिकटवून तयार होतो. चित्र दिसण्यासारखं नको, अनुभवासारखं हवं हा विचार त्यांनी वर्षानुवर्षं संशोधकांना बरोबर घेऊन तपासला. मुलाची दोन बोटं हीच गोष्टीतलं पात्र, आणि पानावर असतं ते त्या पात्राच्या पायाखाली किंवा हाताला लागणारं जग. या पानांचं मर्म मला माझ्या भाचीने सांगितलं. तिने रेघांच्या पुस्तकात विचारलं होतं, "मी कुठाय?" बसच्या त्या चित्रात तिला जागा नव्हती. पायऱ्यांच्या पानावर तिने तो प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या पानावर छत्रीची दांडी, दोन बाजूंनी तारेने पक्की बांधलेली. धातू गार लागतो, तोच त्या पानाचा अर्थ. तिसऱ्यावर रेक्झिनचं सीट, आत थोडा स्पंज, एका कोपऱ्यात मुद्दाम फाडलेलं. चौथ्यावर कागदी खिसा आणि त्यात तिकीट. ते आईचं तिकीट. पाच वर्षांखालच्या मुलाला एस.टी.त तिकीट नसतं, आणि याचा भाचीला राग होता. पाचव्या पानावर दोन भोकांतून ओवलेली दोरी, मागे घुंगरू. एकदा ओढलं की गाडी थांबते, दोनदा ओढलं की निघते. हे पान सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त करावं लागलं. सहाव्यावर खिडकी, म्हणजे पुठ्ठ्यात कापलेली चौकट आणि तिला आडवे तीन गज. त्यातून तिचा भाऊ पलीकडून फुंकर मारतो. शेवटच्या पानावर लुगड्याचा काठ. आजी म्हणजे काय, तर कुशीत शिरल्यावर गालाला लागतो तो जाडसर काठ.

चुका भरपूर झाल्या. रस्ता म्हणून बहिणीने आधी एक पान अख्खं पॉलिश पेपरचं केलं होतं. पोरीने हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. नंतर ती पुस्तकच उघडू देईना, कारण ते पान कुठून येईल याची तिला धास्ती बसली. एका खरखरीत पानाने आठ दिवस वाया घालवले. ते पान काढून टाकलं, आणि तेव्हापासून नवी वस्तू आधी पिशवीत जाते, हातात रुळते, मगच पानावर येते. दुसरी चूक गर्दीची. बोट एका वेळी एकच ठिकाण वाचतं, पूर्ण पान एका नजरेत येत नाही. खिडकीच्या पानावर सुरुवातीला खिडकी, झाड, डोंगर आणि पाऊस एवढं सगळं होतं. पोरगी त्यात हरवली. आता पानावर एकच गोष्ट आहे आणि तिच्याभोवती चांगली मोकळी जागा, कारण मोकळी जागा असली तरच गोष्ट कुठे संपली ते बोटाला कळतं. पुस्तक स्पायरल केलेलं आहे, म्हणजे ते सपाट पडतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. प्रत्येक पानाचा वरचा उजवा कोपरा तिरका कापला आहे. पान उलटं धरलं तर तो कोपरा हाताला सापडत नाही आणि ती स्वतःच पुस्तक फिरवून घेते.

सगळ्यात मोठी चूक मात्र हाताची होती. बहीण मुलीचा हात धरून पानावर फिरवायची. बघताना ते प्रेमाचंच वाटतं. सरांनी एकदा तिला विचारलं, "ताई, कुणी तुमची मान धरून तुम्हाला चित्र दाखवलं तर?" तेव्हापासून तिचा हात खाली असतो आणि मुलीचा वर. आईचा हात वस्तू शोधतो, मुलीचा हात त्यावर स्वार होऊन येतो, हवं तेव्हा उतरतो, नको असेल तर निघून जातो. याला वेळ लागतो. एका पानावर दहा मिनिटं जातात आणि त्यातली आठ मिनिटं काहीही न बोलता बसावं लागतं.

मजकूर लिहायचं काम तर वेगळीच परीक्षा होती. सहा कळांचा पर्किन्स ब्रेलर घरात असता तर गोष्ट सोपी होती, पण ते यंत्र महाग आहे. बहिणीकडे होती ब्रेल पाटी आणि टोचायचं स्टायलस. पाटीत कागद अडकवून मागून टोचायचं, म्हणजे ठिपका पुढच्या बाजूला उठतो. त्यासाठी उजवीकडून डावीकडे जायचं आणि प्रत्येक अक्षरही आरशातल्यासारखं उलटं टोचायचं. पहिल्या दिवशी तिने 'बस' लिहिलं. दिशा बरोबर धरली, पण अक्षरं उलटायची राहिली. कागद उलटून सरांच्या हातात दिला. सरांनी वाचलं आणि म्हणाले, "हे भज्ञ काय आहे?" झालं असं, की ब म्हणजे ठिपके १ आणि २, ते उलटले की ४ आणि ५, म्हणजे भ. आणि स म्हणजे २, ३, ४, तो उलटला की १, ५, ६, आणि ते चिन्ह ज्ञचं. अशा जोड्या ब्रेलमध्ये बऱ्याच आहेत. इ आणि ए ही त्यातली सगळ्यात फसवी, कारण तिथे शब्द वाचता येण्याजोगाच राहतो.

ठिपके टोचताना कागद पातळ असेल तर ठिपका फुटतो आणि बोटाला टोकदार लागतो. जाड कागदावरचा ठिपका टिकतो, पण पुस्तकावर पुस्तकं रचली की तोही बसतो. म्हणून 'आमची बस' कपाटात उभं ठेवलेलं असतं. बहिणीने एकदा मजकुराच्या पट्टीवर फेविकॉल सढळ लावला. कागद ओला होऊन मऊ पडला आणि ठिपके निम्मे झाले. आता ती फक्त कडांना चिकटवते.

ब्रेलच्या खाली तीच ओळ ठसठशीत छापील मराठीतही आहे, कारण हे पुस्तक भाऊही वाचतो. यावरून आठवलं, इंग्लंडमध्ये 'क्लिअरव्हिजन' नावाचं वाचनालय आहे. ते बाजारातलं साधं चित्रपुस्तक घेतात आणि त्याच्या पानांमध्ये ब्रेल उठवलेले पारदर्शक प्लास्टिकचे कागद घालतात. डोळस आई चित्र आणि छापील ओळ बघते, अंध मूल त्याच पानावर ब्रेल वाचतं, किंवा आई अंध असेल तर उलट. ही पुस्तकं टपालाने घरी जातात. आपल्याकडे हे घरी करायला पारदर्शक शीट आणि पाटी एवढंच लागतं. बहिणीने मुलाच्या दोन पुस्तकांना ते केलं आहे.

साडेचार वर्षांची असताना भाची 'आमची बस' घडाघडा वाचू लागली. बहिणीने मला व्हिडिओ पाठवला, मी तो ऑफिसात सगळ्यांना दाखवला. सरांनी मात्र काही न बोलता दोन पानांवरच्या मजकुराच्या पट्ट्या बदलल्या. पोरीने दांडीच्या पानावर हात ठेवला आणि दांडीचंच वाक्य म्हटलं, पट्टीवर घंटीचं होतं. तिला पुस्तक पाठ होतं. बहीण त्या दिवशी रडली. सरांना त्यात वाईट काहीच दिसलं नाही. डोळस मूलही आधी पाठ असलेलं पुस्तक वाचल्यासारखं करतं, ओळ डावीकडून उजवीकडे जाते आणि बोललेला शब्द कुठेतरी पानावर असतो हे त्यातूनच शिकतं. फक्त त्याला वाचन समजून पुढे पळू नका, असं ते म्हणाले.

खरं वाचन ओळखायचं ते हातांवरून. मी नंतर सरांचे हात नीट पाहिले. बोटं हलकी, जवळजवळ तरंगत, न थांबता आडवी जातात. उजवा हात ओळ संपवत असतो तोवर डावा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पोचलेला असतो. मूल जेव्हा अक्षरावर बोट वर-खाली घासायला लागतं, किंवा इतकं दाबतं की नखाखाली पांढरं होतं, तेव्हा ते अडलेलं असतं. त्यावर सरांचा उपाय साधा होता. सगळे सहाच्या सहा ठिपके असलेल्या चिन्हांच्या ओळी, भारती ब्रेलमध्ये ते चिन्ह म्हणजे ढ. ढढढढढ अशी लांब ओळ, मधेच एक फट, पुन्हा ढ. बोट न घासता पुढे जायचं आणि फट आली की "खड्डा" म्हणून ओरडायचं. कऱ्हाड-पाटण रस्त्यावर वाढलेल्या पोरीला हा खेळ शिकवावा लागला नाही.

मग ते रेघांचं पुस्तक वायाच गेलं का? मलाही बराच काळ तसंच वाटत होतं, पण ते खरं नाही. टोरांटोचे मानसशास्त्रज्ञ जॉन केनेडी यांनी अंध माणसं बाह्यरेषेची चित्रं समजू शकतात आणि काढूही शकतात हे दाखवलं, १९९३ साली त्यांचं त्यावर पुस्तक आलं. आणि शाळेत गेल्यावर नकाशा, त्रिकोण, फुलाचा छेद हे सगळं रेघेतच येणार. रेघ शिकायचीच आहे, पण तिच्यापर्यंत जायचा रस्ता लागतो. बहिणीने तो वाटीवर केला. आधी वाटी हातात. मग ती कणकेवर उलटी दाबायची आणि उठलेलं वर्तुळ बोटाने फिरून पाहायचं. मग त्या वर्तुळात सुतळी बसवायची. मग तीच सुतळी कागदावर. मग सुतळीच्या जागी उठावाची रेघ. असं करत पंधरा दिवसांनी भाचीने रेघेच्या गोलावर बोट फिरवून सांगितलं, "ही वाटीची कड." त्यानंतर तिने आपणहून ते जुनं पुस्तक मागितलं आणि बसच्या चाकावर बोट ठेवून म्हणाली, "कड आहे. पण लहान काढलंय."

शाळेच्या वयासाठी आपल्या देशात आता चांगलं काम होतं आहे. आयआयटी दिल्लीतून निघालेली 'रेझ्ड लाइन्स फाउंडेशन' पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्या स्पर्शाने वाचता येतील अशा करते. त्यासाठी आधी साचा करतात आणि तापवलेला प्लास्टिकचा पातळ कागद त्यावर हवा खेचून बसवतात. एका साच्यावर अनेक प्रती निघतात, उंची वेगवेगळी ठेवता येते. आकृतीसाठी ही पद्धत उत्तम. पण 'आमची बस' त्यात घातलं तर दांडी, रेक्झिन आणि लुगड्याचा काठ या सगळ्यांना एकच प्लास्टिकचा स्पर्श येईल. आकार राहील, गारवा जाईल. लहान मुलांच्या पुस्तकाची अडचण नेमकी इथे आहे. ते एकेक करून हातानेच होतं, म्हणून ते कमी होतं आणि महाग होतं. थोडं वाढलेल्या वाचकाला मराठीत 'स्पर्शज्ञान' आहे, स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये सुरू केलेलं ब्रेल पाक्षिक. सरांकडे त्याचे गठ्ठे आहेत. पण चार वर्षांच्या मुलाच्या मांडीवर ठेवायला मराठी ब्रेलमधलं स्पर्शाचं चित्रपुस्तक शोधायला गेलात, तर बहुधा तुम्हाला माझ्या बहिणीसारखी कात्री हातात घ्यावी लागेल. तिचं पुस्तक झालं ते सुट्टीच्या वारांत, सात महिन्यांत, आणि त्याची प्रत एकच.

या वर्षी भाचीला पाच पूर्ण झाली. दिवाळीच्या आधी त्या दोघी पाटणला आल्या तेव्हा कंडक्टरने तिचं अर्धं तिकीट फाडून थेट तिच्या हातात दिलं. मशीनमधून येणारा तो पातळ, गुळगुळीत कागद तिने पूर्ण प्रवासभर मुठीत धरला होता. घरात शिरल्या शिरल्या तिने पुस्तक मागितलं आणि चौथ्या पानावर आणखी एक खिसा हवा म्हणून सांगितलं. आईने खिसा केला. खिशावरचं नाव मात्र तिने स्वतः लिहायचं ठरवलं. माझ्या आईच्या पाटावर ब्रेल पाटी ठेवून, जीभ बाहेर काढून, उजवीकडून डावीकडे तिने पाच अक्षरं टोचली. कागद काढला, उलटा केला आणि त्यावरून बोट नेलं. दुसऱ्या अक्षरावर बोट थांबलं, परत मागे आलं.

"मामा, तेकीट झालंय," ती म्हणाली, आणि दुसरा कागद मागू लागली.